वडिलांच्या ठेवींसाठी बँकेला पत्र: नॉमिनीचं वेगळं, वारसांचं वेगळं

प्रश्न: सर, वडील जूनमध्ये वारले. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावाजवळच्या सरकारी बँकेच्या शाखेत त्यांचं बचत खातं आणि दोन एफडी आहेत. चार लाखांच्या एफडीला मी नॉमिनी आहे. तीन लाखांच्या एफडीला नॉमिनीच नाही. बचत खात्यात एक लाख दहा हजार आहेत, त्याला आई नॉमिनी होती, पण ती 2019 मध्येच गेली. दोन बहिणी आहेत, एक विरारला, एक मडगावला. मी ठाण्यात नोकरी करतो. शाखेत सांगितलं, कव्हरिंग लेटर लिहून सगळे कागद जोडा. पत्रात नेमकं काय लिहायचं?

उत्तर: एक पत्र लिहू नका, दोन लिहा. शाखेने काहीही सांगितलं असलं तरी हे पहिलं ऐका. मी नोकरीची बरीच वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाखांमध्ये काढली, मयत खात्यांच्या फायली हाताळल्या. त्यात अडकून पडलेल्या बऱ्याच फायली अशा होत्या, ज्यात नॉमिनीचा दावा आणि वारसांचा दावा एकाच अर्जात कोंबलेला होता. नॉमिनीच्या दाव्याला तीन कागद पुरतात. वारसांच्या दाव्याला सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि त्या गोळा होईपर्यंत गणपती येऊन जातात. दोन्ही एकाच फायलीत असले की टेबलावरचा माणूस म्हणतो, 'सगळं पूर्ण झालं की एकदमच पाठवतो.' मग तुमची चार लाखांची एफडी मडगावच्या सहीची वाट बघत बसते.

तुमच्याकडच्या तीन ठेवींची वाटणी अशी होते. चार लाखांची एफडी नॉमिनीच्या पत्रात. तीन लाखांची एफडी आणि बचत खातं वारसांच्या पत्रात. बचत खात्याला नॉमिनी नोंदलेली होती खरी, पण ती खातेदाराच्या आधीच वारली आणि वडिलांनी नंतर दुसरं नाव दिलं नाही, त्यामुळे ते नामनिर्देशन आता निरुपयोगी आहे. आईचा मृत्यू दाखला या दुसऱ्या पत्राला जोडा, नाहीतर सिस्टिममध्ये नॉमिनी दिसतेय म्हणून शाखा तिलाच हजर करायला सांगेल. हसू नका, असं झालेलं आहे.

पहिलं पत्र

नॉमिनीच्या पत्रात पाल्हाळ नको. वडील कसे होते, बँकेशी किती वर्षांचे संबंध होते, हे लिहायचा मोह होतो. टेबलावरच्या माणसाला पाच गोष्टी हव्या असतात: कोण वारलं, कधी, कोणती ठेव, तुम्ही कोण, पैसे कुठे टाकायचे. नमुना देतो, गाळलेल्या जागा भरा.

> प्रति, मा. शाखाधिकारी, ……… बँक, शाखा ………
>
> विषय: कै. ……… यांच्या मुदत ठेव क्र. ……… ची रक्कम नॉमिनी म्हणून मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> माझे वडील कै. ……… (ग्राहक क्रमांक ………) यांचे दि. ……… रोजी ……… येथे निधन झाले. आपल्या शाखेत त्यांच्या नावे रु. 4,00,000 ची वरील मुदत ठेव असून तिची मुदत दि. ……… रोजी संपते. या ठेवीस नॉमिनी म्हणून माझे नाव नोंदलेले आहे.
>
> ही ठेव मुदतपूर्व बंद करून मुद्दल व देय व्याज माझ्या ……… बँकेतील खाते क्र. ……… मध्ये जमा करावे. ठेवीदाराच्या मृत्यूमुळे ठेव बंद होत असल्याने मुदतपूर्व दंड आकारू नये. ही रक्कम मी वडिलांच्या कायदेशीर वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्वीकारत आहे, याची मला जाणीव आहे.
>
> मृत्यूच्या तारखेपर्यंतचे व त्यानंतरचे व्याज वेगवेगळे दाखवणारे प्रमाणपत्र द्यावे. तसेच वरील ग्राहक क्रमांकावर अन्य ठेवी, आवर्ती खाते अथवा लॉकर असल्यास त्याची लेखी माहिती द्यावी.
>
> सोबत: 1) बँकेच्या नमुन्यातील दावा अर्ज 2) मृत्यू दाखला 3) माझ्या ओळखपत्राची प्रत 4) मूळ ठेव पावती 5) माझ्या खात्याचा रद्द केलेला चेक.
>
> कृपया या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच द्यावी.

आता यातल्या दोन-तीन वाक्यांमागचं कारण सांगतो, कारण शाखेत प्रश्न त्यांवरच येतात.

दंडाचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. एरवी मुदतीआधी एफडी मोडली की बऱ्याच बँका साधारण एक टक्का व्याज कापतात. तुमची ठेव दोन वर्षं चालली असेल तर चार लाखांवर ही कपात आठ हजारांच्या आसपास जाते. ठेवीदार वारल्यावर ठेव मोडली तर असा दंड लावता येत नाही. पण ठेव जितका काळ चालली त्या मुदतीचा दर लागू होतो, पावतीवर छापलेला नव्हे. त्यामुळे हिशेब पावतीपेक्षा थोडा कमी दिसला तर भांडू नका, फक्त त्यात दंड वेगळा कापलाय का ते बघा. मुदत संपायला महिना-दोन महिनेच उरले असतील तर मात्र घाई न करता मुदतीनंतर पैसे घ्या, आणि पत्रात तसं लिहा.

विश्वस्ताचं वाक्य वाचून लोक दचकतात. पण ते न लिहिल्याने काही बदलत नाही. नॉमिनी म्हणजे बँकेने ज्याच्या हातात पैसे देऊन मोकळं व्हायचं तो माणूस. मालक नव्हे. 2010 मध्ये राम चंदर तलवार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबद्दल हे स्वच्छ सांगितलं आहे. तुमच्या चार लाखांत दोन्ही बहिणींचा वाटा आहे, फक्त तो बँक वाटणार नाही, तुम्ही वाटायचा आहे. वडिलांनी मृत्युपत्र करून ही ठेव तुम्हालाच दिली असेल तर गोष्ट वेगळी.

याचीच दुसरी बाजू अशी, की नॉमिनीच्या दाव्यासाठी शाखेने बहिणींची ना-हरकत, पुढे बँकेचं नुकसान झालं तर भरून देऊ अशा लेखी हमीचा इंडेम्निटी बाँड, जामीनदार किंवा कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट मागायचं नसतं. रक्कम कितीही असो. रिझर्व्ह बँकेने 2005 पासून हेच सांगितलंय. कोर्टाचा मनाई हुकूम असेल तरच बँक थांबते. एका शाखेत मी गेलो तेव्हा नॉमिनीलाही दोन जामीनदार आणायला लावायची पद्धत पडलेली होती, केवळ आधीचा साहेब मागायचा म्हणून. असं कोणी मागितलं तर शांतपणे म्हणा, 'साहेब, हे लेखी द्या.' बहुतेक वेळा मागणी तिथेच संपते.

मूळ पावती सापडली नाही तर पत्र अडवून ठेवू नका. सोबतच्या यादीतला तो क्रमांक काढून 'मूळ पावती उपलब्ध नाही' असं लिहा, बँक तिच्या नमुन्यात लिहून घेईल.

दुसरं पत्र

इथे 'मी' नाही, 'आम्ही' लिहायचं. पहिली गोष्ट म्हणजे वारस कोण हे नीट ठरवा. वडील हिंदू आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगे, मुली, पत्नी आणि त्यांची आई हे सारख्या हक्काचे वारस. मुलींची लग्नं झाली म्हणून हक्क कमी होत नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण आजीला हमखास विसरतात. वडिलांची आई हयात असेल, गावच्या घरात ओटीवर बसलेली नव्वदीची म्हातारी असली तरी ती वारस आहे, आणि पत्रात तिचं नाव हवं. तुम्ही आजीबद्दल काही लिहिलेलं नाही. त्या आधीच गेल्या असतील असं धरून पुढचा नमुना तीन भावंडांचा देतो. एखादा भाऊ वडिलांच्या आधी गेला असेल तर त्याची मुलंबाळं आणि पत्नी त्याच्या जागी येतात, बहीण गेली असेल तर फक्त तिची मुलंबाळं, तिचा नवरा नव्हे.

> विषय: कै. ……… यांच्या मुदत ठेव क्र. ……… (रु. 3,00,000) व बचत खाते क्र. ……… ची रक्कम कायदेशीर वारस म्हणून मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> आमचे वडील कै. ……… यांचे दि. ……… रोजी निधन झाले. वरील मुदत ठेवीस नामनिर्देशन नाही. बचत खात्याच्या नॉमिनी, आमच्या आई कै. ………, यांचे दि. ……… रोजी, म्हणजे वडिलांच्या आधीच निधन झाले आहे. वडिलांच्या मातोश्रीही हयात नाहीत. वडिलांनी आमच्या माहितीप्रमाणे मृत्युपत्र केलेले नाही.
>
> आम्ही खाली सही करणारी तीन भावंडे हेच त्यांचे सर्व कायदेशीर वारस आहोत. आमच्याशिवाय अन्य वारस नाही व आमच्यात या ठेवींबाबत वाद नाही.
>
> वरील दोन्ही खात्यांची एकूण रक्कम आम्हा तिघांस समान भागांत, पुढील तीन खात्यांत जमा करावी: ………
>
> पासबुकावर वडिलांचे नाव ……… असे व मृत्यू दाखल्यावर ……… असे आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. त्याबाबतचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.
>
> बचत खात्यात वडिलांच्या मृत्यूनंतर जमा अथवा खर्च झालेल्या रकमांचा तपशील कृपया द्यावा.

सोबतच्या यादीत दावा अर्ज, वडिलांचा आणि आईचा मृत्यू दाखला, तिघांची ओळखपत्रं, तिघांच्या सहीचा इंडेम्निटी बाँड, आणि वारसांबाबतचं घोषणापत्र येईल. बाँडला किती किमतीचा स्टॅम्प लागेल ते शाखेलाच विचारा, अंदाजाने आणू नका.

नावातल्या फरकाचं वाक्य तुम्हाला लागू नसेल तर काढून टाका, पण आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अक्षर जुळवा. आपल्याकडे पासबुकावर दत्ताराम आणि दाखल्यावर दत्तात्रय हे सर्रास होतं, कारण पासबुक तीस वर्षांपूर्वी कोणीतरी हाताने लिहिलेलं असतं आणि दाखला आधारवरून निघतो. आडनावापुढे 'देसाई' किंवा 'खोत' कधी लावलेलं असतं, कधी नसतं. हा फरक तुम्ही स्वतः पत्रात सांगितला तर ती माहिती ठरते. शाखेने शोधून काढला तर ती हरकत होते आणि फाईल परत येते.

वारसांच्या घोषणापत्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या 26 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनी मयत ठेवीदारांच्या दाव्यांची पद्धत सगळ्या बँकांसाठी एकसारखी केली, आणि ती लागू करायला 31 मार्च 2026 ही शेवटची तारीख दिली. त्यानुसार नॉमिनी नसलेल्या दाव्याला सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंत सोपी पद्धत आहे. या मर्यादेत कोर्टात जावं लागत नाही, तिऱ्हाईत जामीनदारही लागत नाही. वारस दाखला नसेल तर कुटुंबाला ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या आणि बँकेला मान्य असलेल्या माणसाने 'हेच वारस' असं लिहून दिलं तरी चालतं. तुमची रक्कम व्याजासकट साडेचार लाखांच्या आसपास, म्हणजे सरकारी बँकेत आरामात मर्यादेच्या आत. हीच ठेव जिल्हा बँकेत किंवा नागरी सहकारी बँकेत असती तर मात्र 5 लाखांची रेघ अगदी जवळ आली असती.

आता 'नात्यात नसलेला माणूस' ही अट कोकणातल्या वाडीत दिसते तेवढी सोपी नाही. आख्खी वाडी भावकीची, एकाच आडनावाची. पोलीस पाटील चुलता, सरपंच आतेभाऊ. सख्खं नातं नसलं तरी एकसारखं आडनाव बघून अधिकारी कचरतो. म्हणून दुसऱ्या वाडीतले निवृत्त गुरुजी, गावचे डॉक्टर, पोस्टमास्तर असं कोणीतरी बघा, शक्यतो ज्यांचं त्याच शाखेत खातं आहे. शाखेला त्यांची ओळख पटवायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

कित्येक जण सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचा फेरफार घेऊन येतात. तो जमिनीपुरता कागद आहे, बँकेसाठी वारस दाखला नव्हे. जोडला तर बिघडत नाही, पण त्यातली नावं आणि तुमच्या पत्रातली नावं एकच असायला हवीत. फेरफारात पाच जण आणि बँकेच्या अर्जात तीन, असं दिसलं की फाईल तिथेच थांबते, आणि थांबायलाच हवी.

बहिणींच्या सह्या

खरी अडचण बहुतेक घरांत इथे असते. शाखा तुम्हाला म्हणेल, 'तुम्ही एकटे दावा करा, बहिणींची ना-हरकत आणा.' नियमाप्रमाणे हे बरोबर आहे, जो वारस स्वतः पैसे मागत नाही त्याचं तसं पत्र लागतं. पण मी तुम्हाला तो रस्ता सुचवणार नाही. 'ना-हरकत' म्हटलं की बहिणीच्या डोळ्यांपुढे हक्कसोडपत्र येतं, घर आणि कलमांची बाग येते. विरारला भाऊजी म्हणतात, 'वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नको.' त्यांचं काही चुकत नाही. गावोगाव अशा सह्या घेतल्या गेलेल्या आहेत.

म्हणून वरच्या नमुन्यात तिघेही दावेदार आहेत आणि पैसे तिघांच्या खात्यांत थेट जातात. कोणी काही सोडत नाही, त्यामुळे ना-हरकतीचा प्रश्नच येत नाही. तीन लाखांची एफडी मोडायची नसेल तर तिच्या तीन पावत्या करून मागता येतात, मुदत आणि एकूण रक्कम तीच राहत असेल तर ते मुदतपूर्व मोडणं धरत नाहीत.

तरीही एखाद्या बहिणीला पैसे नकोच असतील, तर तिच्या पत्रात एक वाक्य असू द्या: 'ही संमती फक्त वर नमूद केलेल्या दोन खात्यांपुरती असून, वडिलांच्या घर, जमीन, बाग वा अन्य मालमत्तेतील माझ्या हक्काशी तिचा संबंध नाही.' हे वाक्य बँकेला नको असतं असं नाही, बँकेला त्याने काही फरक पडत नाही. बहिणीला मात्र पडतो, आणि सही आठवड्यात येते.

सह्यांसाठी विरार आणि मडगावहून सगळ्यांनी देवगडला यायचं का, हे शाखेला आधी विचारा. त्याच बँकेच्या विरार किंवा मडगाव शाखेत सही पडताळून घेता येते का, हा प्रश्न नेमका विचारा. तोंडी 'चालेल' म्हणाले तर कोण म्हणालं ते टिपून ठेवा, कारण बदल्या होतात.

मृत्यूनंतर खात्यात आलेले पैसे

बचत खात्याचा तपशील मागणारं वाक्य मी उगाच घातलेलं नाही. वडील जूनमध्ये गेले, म्हणजे आंब्याचा हंगाम नुकताच संपला होता. वाशीच्या दलालाचा हिशेब किंवा कॅनिंगवाल्यांचे पैसे नंतर वडिलांच्या खात्यात आले असू शकतात. ते वारसांचेच आहेत, पण बँकेला मृत्यू कळल्यावर ती अशी रक्कम खात्यात नेहमीसारखी घेत नाही, पाठवणाऱ्याकडे परत पाठवते. तसं झालं असेल तर तुम्हाला दलालाकडे जावं लागेल, बँकेकडे नव्हे. पेन्शन मात्र उलट. मृत्यूनंतरच्या महिन्यांची पेन्शन जमा झाली असेल तर ती परत जाते, तुमच्या हिशेबात धरू नका. आणि वडिलांचं एटीएम कार्ड कोणाकडे असेल तर त्याने एक रुपयाही काढू नये. दिवसकार्याला लागले म्हणून काढलेले वीस हजार पुढे बहिणींच्या आणि बँकेच्या दोघांच्या प्रश्नाचं कारण होतात. आधीच काढले असतील तर पत्रात तारीख आणि रक्कम सांगून टाका.

वडिलांच्या नावावर पीक कर्ज असेल तर त्याचाही उल्लेख करा. बँक ते त्यांच्या स्वतःच्या ठेवीतून वळतं करू शकते, आणि ते आधीच ठरलेलं असलं तर वाटणीचे आकडे शेवटच्या क्षणी बदलत नाहीत.

पोच आणि पंधरा दिवस

पत्राच्या दोन प्रती न्या. एकीवर शाखेचा इनवर्ड शिक्का, तारीख आणि सही घ्या. सगळे कागद मिळाल्यापासून 15 दिवसांत बँकेने दावा निकाली काढायचा असतो. बँकेमुळे उशीर झाला तर ठेवीच्या दाव्यावर रिझर्व्ह बँकेने ठरवलेला बँक रेट अधिक 4 टक्के यापेक्षा कमी नाही अशा दराने भरपाई द्यावी लागते. 'सगळे कागद' हे दोन शब्द इथे महत्त्वाचे, कारण एक कागद कमी असला की घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी विचारायला गेलात आणि काही कमी आहे असं सांगितलं, तर काय कमी आहे ते लेखी मागा. यादी एकदाच द्यायची असते, दर खेपेला एकेक नव्हे.

दाद लागली नाही तर आधी बँकेच्या तक्रार कक्षात लेखी तक्रार, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर. तिथे पोच असलेली प्रत जोडावी लागते.

घरात ग्रामीण बँकेचं जुनं पासबुक सापडलं तर, विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे, पत्र नव्या नावाने लिहा. पतसंस्थेची पावती सापडली तर वरचं 15 दिवसांचं आणि मर्यादेचं काही लागू नाही. पतसंस्था ही बँक नव्हे, ती सहकार कायद्याखाली चालते, तिथे त्यांच्या उपविधीप्रमाणे वेगळा अर्ज करावा लागेल.